गरज मांडा, दीडशे शब्दांत

अनुदानासाठी अर्ज करणाऱ्या प्रत्येक संस्थेला एक रकाना भरावाच लागतो: हा प्रकल्प मुळात हवा कशाला? कुणी त्याला गरजेचं विवरण म्हणतं, कुणी समस्येची मांडणी. संस्थांच्या कार्यालयांत सर्रास ऐकू येतो तो शब्द ‘नीड स्टेटमेंट’. कागदी प्रस्तावांच्या काळात या भागाला दोन-तीन पानं सहज मिळायची. आता बराचसा कारभार ऑनलाइन फॉर्मवर चालतो. चौकटीखाली ‘कमाल 150 शब्द’ असं लिहिलेलं असतं आणि एकशे एक्कावन्नावा शब्द ती चौकट घेतच नाही.

असे फॉर्म वाढले त्याला एक कारण कायद्यातलं आहे. 2013च्या कंपनी कायद्यातलं कलम 135 एप्रिल 2014 पासून लागू झालं आणि ठरावीक आकाराच्या कंपन्यांना आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करणं बंधनकारक झालं. हाच तो सीएसआर. पैसा वाढला तसे अर्जही वाढले. शेकडो अर्ज चाळायचे तर सगळ्यांना एकाच मापाच्या चौकटीत बसवावं लागतं.

मर्यादा आली की लिहिणारा पहिल्यांदा विशेषणं उडवतो. ‘अत्यंत’ जातं, ‘नितांत’ जातं, ‘सद्यःस्थितीत’ जातं. चारशे शब्दांचे साडेतीनशे होतात आणि गाडी तिथेच अडते. कारण जादा शब्द बहुतेक वेळा विशेषणांत नसतातच. ते असतात अख्ख्या वाक्यांत, जी वाक्यं खरी असतात, सुंदरही असतात, पण दुसऱ्याच कुठल्या तरी प्रकल्पाची असतात. विवरण आवळायचं म्हणजे ही वाक्यं ओळखायची. कसं, ते एका नमुन्यावर पाहू. यातली संस्था, संवाद आणि गावांचे आकडे समजावण्यासाठी रचलेले आहेत. परिस्थिती मात्र बीड जिल्ह्यात दर हंगामात दिसते तीच आहे.

आधीचा मसुदा

संस्था लहान आहे, बीडमधल्या एका तालुक्यात सहा गावांत काम करते. दिवाळीच्या आगेमागे तिथली बरीच घरं कुलूपबंद होतात. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी टोळीबरोबर पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात ऊसतोडीला जातात, ती मार्च-एप्रिलमध्ये परततात. मुलंही बरोबर जातात आणि तितके महिने शाळा सुटते. संस्थेला या मुलांसाठी हंगामापुरतं निवासी केंद्र चालवायचं आहे. गरजेच्या रकान्यासाठी मर्यादा आहे 150 शब्दांची. मसुद्याची सुरुवात अशी:

> शिक्षण हा प्रत्येक बालकाचा मूलभूत हक्क असून शिक्षणाशिवाय कोणत्याही समाजाची प्रगती होऊ शकत नाही, हे सर्वश्रुत आहे. महाराष्ट्र हे देशातील साखर उत्पादनात अग्रेसर राज्य आहे. परंतु या गोडव्यामागे ऊसतोड कामगारांचे कडू वास्तव दडलेले आहे. बीड जिल्हा हा ऊसतोड कामगारांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. वारंवार पडणारा दुष्काळ, सिंचनाचा अभाव, रोजगाराच्या संधींची कमतरता आणि मुकादमाकडून घेतलेली उचल यांमुळे लाखो कुटुंबे दरवर्षी स्थलांतर करतात. स्थलांतरामुळे महिलांच्या आरोग्याचे गंभीर प्रश्न निर्माण होतात, बालविवाहाचे प्रमाण वाढते आणि मुलांच्या शिक्षणावर विपरीत परिणाम होतो. आमच्या कार्यक्षेत्रातील गावांमध्ये वसतिगृहाची सोय उपलब्ध नाही. त्यामुळे या गावांत वसतिगृह सुरू करण्याची नितांत आवश्यकता आहे.

आठ वाक्यं, 93 शब्द. मर्यादेतले 57 उरले आणि अजून एकही आकडा आलेला नाही. संस्थेची गावं पहिल्यांदा दिसतात ती अठ्ठ्याहत्तराव्या शब्दाला. त्याआधीचं सगळं बीडमधल्या कुठल्याही संस्थेने कुठल्याही कामासाठी लिहिलं असतं तरी चाललं असतं. हीच एक सोपी परीक्षा आहे. आपल्या गावाच्या जागी शेजारच्या तालुक्याचं नाव घाला आणि वाक्य वाचा. ते जसंच्या तसं खरं राहत असेल, तर त्याने आपल्या प्रकल्पाबद्दल काहीच सांगितलेलं नाही.

बजेट शेजारी ठेवून वाचा

कात्री लावण्याआधी एक काम करायचं. मसुद्याच्या डाव्या हाताला प्रकल्पाचं बजेट ठेवायचं आणि प्रत्येक वाक्यापुढे लिहायचं, की यातल्या अडचणीवर बजेटमधली कोणती ओळ खर्च करते. या संस्थेच्या बजेटमध्ये पाच ओळी आहेत: जागेचं भाडं, स्वयंपाक आणि शिधा, रात्री राहणाऱ्या दोन काळजीवाहू बाया, अंथरूण-पांघरूण, आणि वीस टॅब.

आता वाक्यं तपासू. दुष्काळ, सिंचन, रोजगार यांवर एक रुपयाही खर्च होणार नाही. उचलीच्या व्यवहारावरही नाही. साखरेच्या उत्पादनावर तर प्रश्नच नाही. पहिल्या वाक्यातला शिक्षणाचा हक्क खरा आहे. सहा ते चौदा वयाच्या मुलांसाठीचा कायदा 2009 साली झाला आणि 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे. पण शिक्षणासाठी निधी देणाऱ्या माणसाला तो सांगावा लागत नाही. ही वाक्यं निमूट जातात.

खरी कसोटी लागते ती सहाव्या वाक्यावर, आणि तिथे हमखास वाद होतो.

“बालविवाहाचं काढायचं कसं, सर? आमच्या गावांत दर वर्षी होतात. डोळ्यांदेखत होतात.”

“होतात ना, ताई. पण बजेटमध्ये त्यासाठी काय आहे?”

“काही नाही. पण मुलगी गावात राहिली, शाळेत जात राहिली, तर तिचं लग्न लांबतं.”

“मग ते आपल्या कामाचं फळ झालं. फॉर्ममध्ये अपेक्षित परिणामांचा रकाना वेगळा आहे, तिथे लिहा.”

या संवादात बरंच काही आलं. बाहेर गेलेली गोष्ट खोटी ठरत नाही, तिची जागा बदलते. कारणं, परिणाम, संस्थेचा अनुभव, ठिकाण, लाभार्थी असे रकाने बहुतेक फॉर्ममध्ये स्वतंत्र असतात. तरी लिहिणारा सगळं पहिल्याच चौकटीत कोंबतो, कारण पुढचं कुणी वाचेल याची त्याला खात्री नसते. म्हणून लिहायला बसण्याआधी सगळा फॉर्म शेवटपर्यंत पाहून घ्यावा. ठिकाणाच्या रकान्यात तालुका आणि सहा गावांची नावं जाणारच असतील, तर गरजेच्या विवरणात ‘आमच्या सहा गावांत’ एवढं पुरतं.

उलट दिशेनेही तपासायचं असतं. बजेटमधली अशी कोणती ओळ आहे, जिच्यासाठी विवरणात एकही वाक्य नाही? इथे ती सापडते: वीस टॅब. मसुदा लांबलचक होता तेव्हा ते कुणाला खटकलं नव्हतं. आता दोनच मार्ग उरतात. टॅबने भरून निघेल अशी उणीव पुराव्यासह दाखवायची, नाहीतर टॅब काढून टाकायचे. संस्थेने ते काढले.

उणीव म्हणजे उपायाची अनुपस्थिती नव्हे

शेवटची दोन वाक्यं पाहा. गावात वसतिगृह नाही, म्हणून वसतिगृह हवं. प्रस्ताव वाचणाऱ्यांच्या नजरेला ही चूक लगेच पडते. इथे उपाय उलटा करून त्यालाच गरज म्हटलं आहे. गावात विमानतळही नसतो, म्हणून तो हवा असं आपण म्हणत नाही. अशी वाक्यं शब्दही खातात, कारण पुढे ‘पण वसतिगृहच का?’ हा प्रश्न उरतो आणि त्याच्या उत्तरासाठी पुन्हा शब्द लागतात.

गरज शोधायची ती माणसाच्या बाजूने. मुलं ऊसतोडीला का जातात? उत्तर वाटतं तितकं सरळ नाही. काही घरांत मुलाच्या हाताची मदत लागते. काही घरांत मोठ्या मुलीने धाकट्याला सांभाळायचं असतं. आणि अनेक घरांत कारण एवढंच असतं, की मागे ठेवायचं तर कुणाजवळ? या तिन्हींचे उपाय वेगवेगळे आहेत. निवासी केंद्र तिसऱ्या कारणावर लागू पडतं. पहिल्यावर जवळजवळ पडत नाही.

म्हणून संस्थेच्या कार्यकर्त्यांनी हंगामाला जाणाऱ्या घरी जाऊन एकच प्रश्न विचारला: मुलांना बरोबर का नेता? शाळा सोडून जाणारी मुलं होती 124. त्यांपैकी 68 मुलांच्या आईबापांनी सांगितलं, की रात्री सांभाळायला घरात कुणी नाही; तेवढी सोय झाली तर मूल इथेच ठेवू. ही 68 मुलं म्हणजे या प्रकल्पाची गरज. उरलेली 56 मुलंही शाळेला मुकतात, पण त्यांना या केंद्राचा उपयोग नाही, आणि विवरणात त्यांना ओढून आणलं तर आकडा मोठा होईल आणि तर्क लंगडा होईल.

‘लाखो कुटुंबं’ याच कारणाने जायला हवीत. त्या आकड्याला मसुद्यात आधार दिलेला नाही, हा एक दोष. त्याहून मोठा दोष असा, की शेजारी लाख ठेवले की 68 क्षुल्लक वाटू लागतात. मोठ्या आकड्याने प्रश्न गंभीर दिसतो आणि प्रकल्प निरर्थक. चौकट लहान असेल तर आकडा तोच द्यावा, ज्याला आपला हात पुरतो.

किती आकडे आणि कोणते

दीडशे शब्दांत सात-आठ आकड्यांपलीकडे वाचणाऱ्याच्या डोक्यात काही राहत नाही. म्हणून आकड्यांनाही कामं वाटून द्यायची. पटावर किती मुलं, त्यांतली किती जातात, गेल्याने नेमकं काय बिघडतं, आणि त्यांतल्या कितींवर आपला उपाय लागू पडतो. एवढ्यात कथा पूर्ण होते.

पहिले दोन आकडे शाळेच्या हजेरीपत्रकातून मिळतात. सहा गावांच्या जिल्हा परिषद शाळांत तिसरी ते आठवीच्या पटावर 310 मुलं आहेत, त्यांतली 124 जातात. नुसता पट सांगून भागत नाही, कारण हंगामाला गेलेल्या मुलाचं नाव पटावर तसंच राहू शकतं. हजेरी पाहिली की चित्र उघडं पडतं. म्हणून कंसात ‘शाळांची हजेरीपत्रके’ हे दोन शब्द खर्च करावेत. पुराव्याचा उगम सांगणारे शब्द कधीच जादा नसतात.

‘शिक्षणावर विपरीत परिणाम होतो’ या वाक्याच्या जागी काय ठेवायचं? जे कुणालाही पडताळून पाहता येईल ते. संस्थेने एप्रिलमध्ये मुलांची वाचनाची चाचणी घेतली. उतारा दुसरीच्या पातळीचा होता. तिसरी ते आठवीच्या मुलांना दुसरीचा उतारा देण्यात वावगं काही नाही. ‘प्रथम’ ही संस्था 2005 पासून ग्रामीण भारतात ‘असर’ नावाची पाहणी करते. तिच्यातली वाचनाची वरची पायरी दुसरीच्या पातळीचा मजकूर हीच आहे. तेव्हा निधी देणाऱ्यांना हे माप ओळखीचं असतं. परतलेल्या 124 मुलांपैकी 93 जणांना तो उतारा वाचता आला नाही. गावात राहिलेल्या 186 मुलांत अशी 62 होती. म्हणजे जाणाऱ्यांत चारांपैकी तीन, राहणाऱ्यांत तिघांपैकी एक.

इथे जपून. हे आकडे शेजारी ठेवले की हात शिवशिवतो आणि ‘स्थलांतरामुळे मुलांचे वाचन खालावले’ असं लिहून होतं. पण जाणारी कुटुंबं मुळातच अधिक हलाखीची असू शकतात आणि त्यांची मुलं ऑक्टोबरातही मागे असू शकतात. तीच चाचणी त्याच मुलांची ऑक्टोबरात आणि पुन्हा एप्रिलमध्ये घेतली असती, तर ‘मुळे’ हा प्रत्यय लावता आला असता. एकच चाचणी असेल तर दोन आकडे समोरासमोर मांडून थांबावं. जाणता वाचक त्यातून जेवढं घ्यायचं तेवढंच घेतो, आणि लिहिणाऱ्याने हात आखडला आहे हेही त्याच्या लक्षात येतं.

जे आहे ते का पुरत नाही

शब्द वाचवण्याच्या नादात सगळ्यात आधी बळी जातो तो एका महत्त्वाच्या भागाचा: या अडचणीवर आज काय सोय आहे? संस्थांना वाटतं, सरकारी योजनेचा उल्लेख केला तर आपली गरज कमी दिसेल. होतं नेमकं उलटं. बीडमध्ये काम केलेल्या कुणालाही माहीत असतं, की स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांच्या मुलांसाठी शासनाची हंगामी वसतिगृहं आहेत. मसुद्यात त्यांचं नावच नसेल, तर वाचणारा दोन निष्कर्ष काढतो. एक तर संस्थेला योजना ठाऊक नाही, किंवा ठाऊक असून लपवली आहे. दोन्ही वाईट.

शिवाय प्रकल्पाचं खरं समर्थन याच भागात दडलेलं असतं. हंगामी वसतिगृहाच्या व्यवस्थेत मूल गावातच राहतं, त्याला जेवण मिळतं, आणि झोपायला ते सहसा आजी-आजोबांकडे किंवा चुलत्याकडे जातं. घरी आजी असेल तर ही सोय उत्तम आहे. पण आपली 68 मुलं तीच आहेत, ज्यांच्या मागे घरात कुणी नाही. म्हणजे योजना आहे, चांगली आहे, आणि या मुलांपर्यंत ती तिच्या रचनेमुळेच पोचत नाही. त्यात गेल्या वर्षी ती या गावांत डिसेंबरात सुरू झाली, तेव्हा टोळ्या जाऊन महिना उलटला होता. ही दोन वाक्यं लिहिली की निवासी केंद्र कशासाठी, रात्रीची माणसं कशासाठी आणि सुरुवात ऑक्टोबरातच कशासाठी, या तिन्ही प्रश्नांची उत्तरं आपोआप मिळतात. म्हणून या भागाला तीस-चाळीस शब्द मोकळ्या हाताने द्यावेत.

आता भाषेची कात्री

वाक्यं ठरली, की मग शब्दांकडे वळायचं. हा क्रम उलटा केला तर ज्या वाक्यांना जायचंच आहे त्यांच्यावर दुपार वाया जाते.

मराठीत जागा सांडते ती मुख्यतः सरकारी वळणाने. ‘सोय उपलब्ध नाही’ म्हणजे ‘सोय नाही’. ‘सर्वेक्षण करण्यात आले असता असे आढळून आले की’ हे आठ शब्द ‘विचारल्यावर’ या एका शब्दात मावतात. ‘स्थलांतरित होणाऱ्या ऊसतोड कामगारांच्या कुटुंबांमधील मुले’ हे सहा शब्द दर वेळी लिहायची गरज नाही; ‘ऊसतोडीला गेलेली मुले’ एकदा म्हटलं, की पुढे ‘ही मुले’ पुरतं.

दुसरं, आपल्या भाषेत विभक्ती आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटतात. ‘पालकांबरोबर’, ‘सहापैकी’, ‘निघण्यापूर्वी’ हे सगळे एकेकच शब्द मोजले जातात. ही सवलत जरूर घ्यावी, पण नियमाने जेवढं जोडलं जातं तेवढंच जोडावं. मोजणी चुकवण्यासाठी ‘ऊसतोडकामगारकुटुंबातील’ असली आगगाडी केली तर वाचणारा तिथेच अडखळतो. आणि फॉर्म इंग्रजीतून भरायचा असेल, तर हीच सवलत उलटते. आपले एकेक शब्द तिकडे दोन-तीन होतात, म्हणून दीडशेच्या चौकटीसाठी मराठी मसुदा शंभराच्या आसपास थांबवावा.

तिसरी गोष्ट मोजणीची. काही फॉर्म शब्द मोजत नाहीत, अक्षरं मोजतात, आणि संगणकाचं अक्षर आपल्या अक्षराहून वेगळं असतं. त्याच्या लेखी काना, वेलांटी, हलन्त हे सगळे स्वतंत्र. ‘विद्यार्थी’ आपल्याला तीन अक्षरी दिसतो, पण मोजणीत दहा भरतो. ‘मुले’ चार भरतो. अशा फॉर्ममध्ये मसुदा बाहेर मोजून उपयोग नाही. त्याच चौकटीत चिकटवून शेवटचं वाक्य पूर्ण उमटतं का, ते पाहावं.

एवढं झाल्यावर मजकूर असा उभा राहतो:

> आमच्या सहा गावांतील जिल्हा परिषद शाळांत तिसरी ते आठवीच्या पटावर 310 मुले आहेत. गेल्या हंगामात त्यांपैकी 124 मुले दिवाळीच्या सुमारास पालकांबरोबर ऊसतोडीला गेली आणि एप्रिलमध्ये परतली (शाळांची हजेरीपत्रके). परतल्यावर घेतलेल्या वाचनचाचणीत त्यांतील 93 मुलांना दुसरीचा उतारा वाचता आला नाही. गावात राहिलेल्या 186 मुलांत अशी 62 होती. मुले सोबत का नेता, असे घरोघरी विचारल्यावर 68 मुलांच्या पालकांनी एकच कारण दिले: मागे रात्री सांभाळणारे कोणी नाही. शासनाचे हंगामी वसतिगृह सहापैकी दोन गावांत आहे. तेथे जेवण मिळते, पण झोपायला मुलांनी नातेवाइकांकडे जायचे असते. गेल्या वर्षी ते डिसेंबरात सुरू झाले. तोवर टोळ्या निघून गेल्या होत्या. त्यामुळे ज्यांच्या घरी मागे कोणी राहत नाही, त्या मुलांना ही सोय असून नसल्यासारखी आहे. या 68 मुलांची शाळा टिकायची, तर टोळ्या निघण्यापूर्वीपासून त्या परतेपर्यंत रात्री जबाबदार माणसाची देखरेख हवी.

हे 120 शब्द झाले. वसतिगृह हवं, असं यात कुठेही म्हटलेलं नाही. रात्रीची देखरेख हवी, इथे विवरण थांबतं. ती निवासी केंद्रातून द्यायची की गावातल्याच एखाद्या घरी, याचा युक्तिवाद उपायाच्या रकान्यात होईल.

उरलेल्या तीस शब्दांचं काय करायचं

मोकळी जागा दिसली की काढलेली वाक्यं परत आत यायला बघतात. गोडवा आणि कडू वास्तव तर दाराशीच उभे असतात. त्यांना आत घेऊ नये. त्याऐवजी मजकूर बाहेरच्या एखाद्या माणसाला वाचायला द्यावा. शेजारचे बँकेतले काका चालतील, फक्त संस्थेतला माणूस नको, कारण त्याला न लिहिलेलंही दिसतं. वाचून झाल्यावर कागद काढून घ्यायचा आणि विचारायचं: कोणाची, कसली अडचण आहे, आणि आज असलेली सोय का पुरत नाही? तिन्ही उत्तरं आली तर मजकूर बसला. ‘पण त्यांना सरकारी वसतिगृहात का नाही ठेवत?’ असा प्रश्न आला, तर आवळताना दुवा तुटला आहे.

अति आवळण्याची हीच खूण. शब्द वाचवताना ‘पण’, ‘त्यामुळे’, ‘तोवर’ अशी छोटी अव्ययं आधी उडतात, कारण त्यांच्यावाचून वाक्य अडत नाही. मग मजकूर नुसत्या माहितीची यादी होतो. ‘जेवण मिळते. झोपायला नातेवाइकांकडे जायचे असते.’ ही दोन वाक्यं म्हणून ठीक आहेत, पण त्यांतला ‘पण’ गेला आणि अडचणही गेली. लघुरूपांचंही तसंच. ‘जि.प.’ आणि ‘शा.व्य.स.’ लिहून दोन-तीन शब्द वाचतात, पण मुंबईत किंवा बंगळुरूत बसलेल्या वाचकाला त्यांतलं दुसरं उलगडत नाही.

आपल्या मजकुरावर बाहेरच्या वाचकाने नेमका एक प्रश्न काढला: चाचणी कोणी घेतली? संस्थेनेच घेतली असेल तर आकड्यांवर विश्वास का ठेवायचा? प्रश्न रास्त होता. म्हणून वाचनचाचणीच्या वाक्यानंतर एक भर पडली: ‘चाचणी आमच्या कार्यकर्त्यांनी शिक्षकांसमोर घेतली, उतारा दोन्ही गटांना एकच होता.’ हे दहा शब्द. एकूण झाले 130. वीस शब्द तसेच सोडून दिले. वेगवेगळे फॉर्म जोडशब्द आणि आकडे वेगवेगळ्या पद्धतीने मोजतात, तेव्हा थोडी मोकळीक असलेली बरी.

एवढं करूनही मजकूर दीडशेत मावत नसेल, तर पुन्हा कात्री घेण्याआधी प्रकल्पाकडे पाहावं. बरेचदा तिथे एक नव्हे, दोन प्रकल्प असतात. रात्रीची सोय नसलेली 68 मुलं आणि धाकट्या भावंडांसाठी बरोबर नेल्या जाणाऱ्या मोठ्या मुली, यांची कारणं वेगळी, पुरावा वेगळा, उपाय वेगळा. पहिल्यांसाठी गावात निवारा लागेल, दुसऱ्यांसाठी फडाजवळ पाळणाघर. दोन्ही गरजा एका चौकटीत कोंबल्या तर प्रत्येकीच्या वाट्याला पंच्याहत्तर शब्द येतात आणि कुठलीच सिद्ध होत नाही. तिथे दोन अर्ज करावेत, किंवा यंदा एकच करावा.

आणि एक गोष्ट अर्ज पाठवण्याआधी संस्थेच्या बैठकीत बोलून घ्यावी. अनुदान मिळालं, तर विवरणातला प्रत्येक आकडा करारात आणि वर्षअखेरच्या अहवालात पुन्हा समोर येतो. एप्रिलमध्ये कुणीतरी विचारणारच, की 68 पैकी किती मुलं हंगामभर गावात राहिली आणि त्यांतली किती आता दुसरीचा उतारा वाचतात. पहिल्या मसुद्यातल्या ‘विपरीत परिणामा’बद्दल असा प्रश्न कुणी विचारू शकला नसता आणि संस्थेलाही उत्तर देता आलं नसतं. नव्या मजकुरासाठी मात्र त्याच शाळांची हजेरीपत्रकं पुन्हा उघडावी लागतील आणि त्याच पातळीचा उतारा पुन्हा वाचून घ्यावा लागेल. त्या कामाचे दिवस आणि माणसं बजेटमध्ये धरली आहेत का, हे आत्ताच पाहिलेलं बरं.